मित्राच्या तोट्यातला वाटा

‘माझा कोड टाकून जॉइन हो, तुलाही पैसे, मलाही पैसे.’ आयपीएलच्या दिवसांत हा मजकूर व्हॉट्सॲपवर आला नाही असा ग्रुप महाराष्ट्रात सापडणे कठीण. कॉलेजचा ग्रुप असो, सोसायटीचा असो की मंडळाचा, कुणीतरी लिंक टाकतो, दोघे-तिघे विचारतात ‘खरंच मिळतात का रे?’, आणि टाकणारा आपल्या वॉलेटचा फोटो पाठवतो. तो फोटो बहुतेक वेळा खरा असतो. पैसे जमा झालेले असतात. ते कशाबद्दल जमा झाले, हे मात्र त्या फोटोत दिसत नाही. ते नियम आणि अटींच्या पानावर असते, आणि त्या पानापर्यंत लिंक टाकणाराही सहसा जात नाही.

या लेखात पैशांच्या खेळांच्या, म्हणजे रमी, फॅंटसी क्रिकेट, कॅसिनो आणि सट्ट्याच्या ॲपांच्या रेफरल योजनांचा आढावा आहे. मित्राला आणल्याबद्दल पैसे देण्याची पद्धत बँकांपासून टॅक्सीच्या ॲपांपर्यंत सगळीकडे आहे, आणि तिच्यात मुळात काही वाईट नाही. पैशांच्या खेळात ती शिरली की तिचा स्वभाव बदलतो, कारण तिथे कंपनीची कमाई म्हणजे गिऱ्हाइकाने गमावलेले पैसे. त्यामुळे बक्षिसाची अट कुठल्याही शब्दांत लिहिली तरी ती मित्राच्या तोट्यापाशीच येऊन पोहोचते, असे माझे म्हणणे आहे. ते आकड्यांनी तपासून पाहू.

आधी ही पद्धत आली कुठून ते थोडक्यात. पेपालने सुरुवातीच्या काळात नवा माणूस आणणाऱ्याला आणि येणाऱ्याला रोख डॉलर दिले. आधी २०, मग १०, मग ५. ड्रॉपबॉक्सने पैशांऐवजी दोघांनाही साठवणुकीची जादा जागा दिली. २००८च्या सप्टेंबरात त्यांच्याकडे सुमारे एक लाख नोंदणीकृत लोक होते, १५ महिन्यांनंतर ती संख्या ४० लाखांवर गेली, आणि त्यात रेफरलचा वाटा मोठा होता. या दोन्ही ठिकाणी बक्षीस मित्राने खाते उघडण्याशी किंवा सेवा वापरायला घेण्याशी बांधलेले होते. ड्रॉपबॉक्सवर मित्राने फायली ठेवल्या म्हणून त्याच्या खिशाला भोक पडत नव्हते.

अशा योजना कंपन्यांना का परवडतात, याचा चांगला अभ्यास एका जर्मन बँकेच्या गिऱ्हाइकांवर झाला आणि २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये प्रसिद्ध झाला. श्मिट, स्किएरा आणि व्हॅन डेन बुल्ट या तिघा संशोधकांनी सुमारे दहा हजार खात्यांचा माग काढला. बँक सुचवणाऱ्याला २५ युरो देत होती. ओळखीतून आलेले गिऱ्हाईक इतरांपेक्षा जास्त काळ टिकते आणि बँकेला सुमारे १६ टक्के जास्त मोलाचे ठरते, असे त्यांना आढळले. कारण साधे आहे. माणूस आपल्या ओळखीतला, त्या सेवेला जुळणाराच माणूस निवडून आणतो. कुणाला कर्ज लागणार आहे, कुणाला बचत खाते हवे आहे, हे बँकेपेक्षा मित्राला आधी कळते.

हाच निष्कर्ष पैशांच्या खेळाला लावून पाहा. रोज रात्री रमी खेळणारा माणूस कुणाला लिंक पाठवेल? ज्याला पत्त्यांचा नाद आहे, ज्याच्या हातात थोडा पैसा खेळतो आणि जो ‘नाही’ म्हणणार नाही, त्याला. कंपनीला कितीही जाहिराती करून असा माणूस इतक्या अचूक सापडत नाही. इथे ‘जुळणारे गिऱ्हाईक’ म्हणजे हरत राहूनही टिकणारे गिऱ्हाईक.

आता अटींकडे वळू. त्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या असतात. बक्षीस मित्राच्या डिपॉझिटवर मिळते, मित्र खेळताना कापल्या जाणाऱ्या शुल्कावर मिळते, किंवा थेट मित्राच्या तोट्यावर मिळते.

डिपॉझिटची अट सगळ्यांत सोपी दिसते. ‘तुमच्या मित्राने पहिल्यांदा किमान इतके रुपये भरले की तुमच्या खात्यात बोनस.’ नुसती नोंदणी पुरत नाही, केवायसी पुरत नाही, पैसे भरावे लागतात. इथे ॲपची रचना पाहण्यासारखी असते. रेफरलच्या पानावर आपण बोलावलेल्या मित्रांची यादी येते आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची स्थिती असते: नोंदणी झाली, पैसे भरले नाहीत; पैसे भरले, पहिला खेळ बाकी. शेजारी ‘आठवण करा’ असे बटण असते. ते दाबले की तयार मजकुरासह व्हॉट्सॲप उघडते. म्हणजे मित्राने पैसे भरावेत म्हणून त्याच्यामागे लागण्याचे काम कंपनीचा टेलिकॉलर करत नाही, आपण करतो. टेलिकॉलरचा नंबर मित्र ब्लॉक करू शकतो, आपला करत नाही. मित्राने पैसे भरले की नाही ही खरे तर त्याची खासगी गोष्ट आहे. ती परस्पर आपल्याला कळते, आणि त्याला याची कल्पना बहुधा नसते.

हे बक्षीस रोख क्वचितच असते. ‘क्रेडिट’ किंवा ‘बोनस’ या नावाने ते वॉलेटमध्ये येते, पण बँकेत काढता येत नाही, खेळावेच लागते. बऱ्याच भारतीय ॲपांवर बोनसची रक्कम प्रवेश शुल्काच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच वापरता येत असे. अट दहा टक्क्यांची असेल तर १०० रुपयांच्या डावात बोनसमधून फक्त १० रुपये वापरता येतात, उरलेले ९० स्वतःच्या खिशातून घालायचे. मग ५०० रुपयांचा बोनस संपवायला स्वतःचे ४,५०० रुपये डावावर लावावे लागतात. वर मुदत असतेच, त्या तारखेनंतर उरलेला बोनस रद्द. मित्राला आणल्याचे बक्षीस असे सुचवणाऱ्यालाच पुन्हा टेबलावर बसवते.

मित्राला मिळणाऱ्या स्वागताच्या बोनसची गोष्ट याहून कडक असते. परदेशी कॅसिनो आणि सट्ट्याच्या साइटवर हा बोनस काढण्याआधी तो ठरावीक पट खेळवावा लागतो. समजा मित्राने १,००० रुपये भरले, त्याला १,०००चा बोनस मिळाला आणि बोनसच्या ३० पट खेळण्याची अट आहे. म्हणजे एकूण ३०,००० रुपयांचे डाव लावायचे. त्या खेळात घराचा, म्हणजे कंपनीचा, वाटा सरासरी ४ टक्के धरला तर इतके डाव लावताना सरासरी १,२०० रुपये जातात. बोनस हजाराचा आणि तो सोडवण्याचा खर्च बाराशेचा. ब्रिटनच्या गॅम्ब्लिंग कमिशनने या अटीवर १० पटींची मर्यादा घातली आहे, ती १९ जानेवारी २०२६पासून लागू आहे. आपल्या उदाहरणात तोच खर्च ४०० रुपयांवर येतो. बोनस खरा की नावापुरता, हे त्या एका आकड्यावर ठरते, आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात तो आकडा कधीच नसतो.

दुसरी अट शुल्काची. २०२५पर्यंत भारतातल्या रमी ॲपांवर रुजलेली तऱ्हा हीच. ‘प्रत्येक मित्रामागे २,००० रुपयांपर्यंत मिळवा’ अशी जाहिरात असे. या वाक्यातला सगळा अर्थ ‘पर्यंत’ या शब्दात आहे. रक्कम एकदम मिळत नाही. मित्र रोख टेबलावर खेळत राहील तसतशी ती थोडी थोडी सुटते. किती सुटायची ते मित्राने भरलेल्या शुल्काच्या प्रमाणात ठरते.

हिशेब सोपा राहावा म्हणून गोल आकडे घेऊ. सहा जणांचे टेबल, प्रत्येकी १०० रुपये. एकूण ६०० जमले. त्यातून ॲप १० टक्के, म्हणजे ६० रुपये, शुल्क म्हणून काढून घेते आणि जिंकणाऱ्याला ५४० मिळतात. प्रत्येकाच्या वाट्याला शुल्काचे १० रुपये येतात. समजा योजनेत मित्राच्या शुल्काचा दहावा हिस्सा सुचवणाऱ्याला आहे. मग मित्राच्या एका डावामागे सुचवणाऱ्याला एक रुपया मिळतो. जाहिरातीतले २,००० रुपये पुरे पदरात पडायला मित्राने २,००० डाव खेळले पाहिजेत. वर्षभराची मुदत असेल तर रोज साडेपाच डाव, सुट्टी न घेता. त्या वर्षात मित्र टेबलावर एकूण दोन लाख रुपये लावतो आणि २०,००० रुपये शुल्क भरतो.

यावर लोक म्हणतात, शुल्क म्हणजे तोटा नव्हे, मित्र जिंकूही शकतो. एखादा मित्र जिंकू शकतो, हे खरे. टेबल मात्र जिंकू शकत नाही. सहा जणांनी ६०० आणले आणि ५४० घेऊन गेले. प्रत्येक डावात सहा जण मिळून ६० रुपये गमावतात, आणि तेच ॲपची कमाई होते. जो मित्र इतरांइतकाच बरा खेळतो, त्याचा दीर्घकाळाचा सरासरी तोटा त्याने भरलेल्या शुल्काइतकाच असतो. नवा मित्र मुरलेल्या खेळाडूंत बसला तर त्याहून जास्त. तेव्हा २,००० रुपयांचे बक्षीस पुरे मिळाले याचा अर्थ, सर्वसाधारण खेळणारा मित्र २०,००० रुपयांनी खाली गेला. अटीत तोटा हा शब्द कुठेच नसतो. पैसे मात्र तिथूनच येतात.

‘कलर प्रेडिक्शन’ किंवा ‘कलर ट्रेडिंग’ म्हणवणाऱ्या ॲपांवर हीच तऱ्हा जास्त उघडी दिसते. एक ते तीन मिनिटांचा डाव, लाल, हिरवा किंवा जांभळा रंग निवडायचा. अशा अनेक ॲपांवर आढळणारी मांडणी सारखीच असते: १०० रुपये लावले की २ रुपये सेवाशुल्क आधीच कापले जाते आणि ९८ डावावर जातात. शून्य ते नऊपैकी एक आकडा येतो. हिरव्यावर लावले असेल तर १, ३, ७, ९ या आकड्यांना दुप्पट, ५ला दीडपट आणि बाकी पाचांना काही नाही. दहा आकडे सारख्याच शक्यतेने येतात असे मानले तर ९८ रुपयांवर सरासरी ९३ रुपये १० पैसे परत येतात, म्हणजे दर शंभरामागे सुमारे ७ रुपये जातात. निकाल प्रामाणिक धरून हा हिशेब आहे, आणि निकाल तर चालकाच्याच सर्व्हरवर लागतो. त्या २ रुपयांच्या शुल्कातले ३० टक्के, म्हणजे ६० पैसे, सुचवणाऱ्याला मिळत असतील, तर त्याला ६०० रुपये मिळेपर्यंत मित्राने एक लाखाचे डाव लावलेले असतात आणि त्याचे सरासरी ६,९०० रुपये गेलेले असतात. मित्राने पुढे आणलेल्या माणसांवर दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचे कमिशनही असते. तिथून पुढे ही खेळाची योजना राहत नाही, साखळी होते. साखळीतल्या प्रत्येकाला खालच्याने खेळत राहावे असे वाटू लागते.

तिसरी अट कुठलाही आडपडदा ठेवत नाही. ऑनलाइन सट्ट्याच्या धंद्यात तिला ‘रेव्हेन्यू शेअर’ म्हणतात: आणलेल्या माणसाच्या निव्वळ तोट्यातले २५ ते ४० टक्के आणणाऱ्याला. ही मूळची व्यावसायिक दलालांसाठी, म्हणजे ॲफिलिएटांसाठीची पद्धत. आता टेलिग्रामवर चॅनल चालवणाऱ्या कुणालाही ती मिळते. या अटी नीट समजायच्या तर चार महिन्यांचा हिशेब मांडून पाहावा लागतो.

समजा वाटा २५ टक्के. पहिल्या महिन्यात मित्र ८,००० रुपये हरला. सुचवणाऱ्याला वाटते, आपले दोन हजार झाले. पण अट ‘निव्वळ’ कमाईची आहे. मित्राला दिलेला २,०००चा बोनस वजा. पैसे ने-आण करण्याचा आणि कारभाराचा खर्च म्हणून १० टक्के, म्हणजे ८००, वजा. उरले ५,२००, त्याचे २५ टक्के म्हणजे १,३०० रुपये जमा होतात. दुसऱ्या महिन्यात मित्राचे नशीब फळफळले, तो १२,००० जिंकला. आता सुचवणाऱ्याच्या खात्यावर काय दिसेल, हे एका कलमावर ठरते. ते कलम उणे रक्कम पुढच्या महिन्यात ओढायची की नाही हे सांगते. ओढायची असेल तर त्याच्या नावावर मित्राचे १२,००० उणे दिसतात. तिसऱ्या महिन्यात मित्र ७,००० हरतो, तरी सुचवणाऱ्याला काही नाही, कारण अजून ५,००० उणे आहेत. चौथ्या महिन्यात मित्र ९,००० हरला की खाते ४,००० अधिकमध्ये येते आणि त्याचे १,००० मिळतात. नंतरच्या महिन्यांतल्या कपाती सोडून दिल्या तर चार महिन्यांत मित्र एकूण १२,००० रुपयांनी बुडाला आणि सुचवणाऱ्याला २,३०० मिळाले. उणे रक्कम पुढे ओढली जात नसती तर त्याच चार महिन्यांचे ५,३०० मिळाले असते.

आता दुसऱ्या महिन्याच्या शेवटावर थांबून पाहा. मित्र त्या वेळी ४,००० रुपयांनी पुढे आहे. त्याने शहाणपणाने तिथेच थांबायचे ठरवले तर ते त्याच्या भल्याचे आहे. सुचवणाऱ्याच्या खात्यावर मात्र १२,००० उणे आहेत आणि पुढचा रुपया मिळण्याचा एकच मार्ग आहे: मित्राने परत यावे आणि ते सगळे बारा हजार हरावेत. ‘अरे, फॉर्मात आहेस, आत्ता कसला थांबतोस,’ हे वाक्य अशा वेळी कुणाच्या तोंडून येते, आणि त्या माणसाचा त्यात काय हिशेब असतो, हे मित्राला कळण्याची काही सोय नसते. दोन माणसांच्या मैत्रीत हे इतके सरळ उलटे हित घुसवणारी दुसरी कुठलीही विक्रीची पद्धत मला ठाऊक नाही.

यातली आणखी एक गोष्ट बोलण्यासारखी आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने जुलै २०२०च्या अहवालात नोंदवले की जुगार उद्योगाच्या नफ्यापैकी ६० टक्के नफा फक्त ५ टक्के गिऱ्हाइकांकडून येतो, आणि ही माणसे आधीच जुगाराच्या आहारी गेलेली किंवा त्या वाटेवर असलेली असतात. वाटा तोट्यावर असेल तर सुचवणाऱ्याची कमाईही त्याच माणसांवर येऊन बसते. वीस जणांना लिंक पाठवली, त्यातले पंधरा एकदा खेळून सोडून गेले, चौघे अधूनमधून खेळतात आणि एक जण अडकला, तर सुचवणाऱ्याचा जवळजवळ सगळा पैसा त्या अडकलेल्या एकाकडून येतो. तो सुटू नये, यातच सुचवणाऱ्याचे हित असते.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न २०१७च्या सुमारास चव्हाट्यावर आला. समाजमाध्यमांवर सामन्यांचे अंदाज देणारे ‘टिपस्टर’ आपल्या अनुयायांच्या तोट्यातला वाटा सट्टा कंपन्यांकडून घेतात, हे वर्तमानपत्रांनी लिहिले. जो माणूस ‘आज या संघावर लाव’ असे सांगतो, त्यालाच तो सल्ला चुकल्यावर पैसे मिळतात. स्काय बेटने त्याच वर्षी आपली ॲफिलिएट योजना बंद केली. आपल्याकडे टेलिग्रामवर ‘आजची पक्की टीम’ विकणारे शेकडो चॅनल आहेत. टीम पुरवण्याबरोबर ते एखाद्या विशिष्ट साइटचीच लिंक का देतात, याचे उत्तर यात आहे. महादेव बुक प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाने जी रचना सांगितली ती या वाटेवरची पुढची पायरी होती: ओळखीतल्या माणसांना ‘पॅनल’ वाटायचे आणि नफा ७०-३० वाटून घ्यायचा. तिथे आणणारा माणूस उघडपणे बुकीचा भागीदार झाला.

या सगळ्याला कायदा कुठे अडवतो? बराच काळ जाहिरातीच्या नियमांवर भर होता. जाहिरात मानक परिषदेने १५ डिसेंबर २०२०पासून पैशांच्या खेळांच्या जाहिरातींवर अटी घातल्या: छापील जाहिरातीत किमान २० टक्के जागेत धोक्याची सूचना हवी, खेळ हा कमाईचा मार्ग असल्यासारखा दाखवू नये, अठरा वर्षांखालची मुले खेळताना दाखवू नयेत. मित्राच्या व्हॉट्सॲप मेसेजला यातले काहीच लागू पडत नव्हते. तो मेसेज म्हणतो ‘घरबसल्या कमाई’, सूचना कुठेही नसते, आणि तो अकरावीतल्या भावालाही जातो. जाहिरातीवर जितकी बंधने येतील तितकी कंपनीला ओळखीची वाट फायद्याची ठरते.

ऑस्ट्रेलियाने नेमक्या या दुखण्यावर बोट ठेवले. तिथल्या ऑनलाइन सट्ट्यासाठीच्या राष्ट्रीय ग्राहक संरक्षण आराखड्यात २०१९पासून खाते उघडण्याबद्दल, किंवा दुसऱ्याला खाते उघडायला सुचवण्याबद्दल, कुठलेही क्रेडिट, व्हाउचर किंवा बक्षीस द्यायला मनाई आहे. सट्टा तिथे कायदेशीर आहे, जाहिराती चालतात, पण मित्राला आणण्याचा मोबदला चालत नाही. धंदा बंद न करताही ही एक वाट बंद करता येते, हे त्यातून दिसते. मला हा उपाय सर्वांत मुद्द्याचा वाटतो. डिपॉझिट, शुल्क आणि तोटा यांत भेद करत बसण्यापेक्षा त्याने मोबदलाच काढून टाकला.

भारताने वेगळा रस्ता धरला. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, आणि कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, पैशांचे सगळेच ऑनलाइन खेळ बंदीच्या कक्षेत आले. मोठ्या भारतीय कंपन्यांनी त्या आठवड्यातच रोख खेळ थांबवले. हे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलेले नाही. जाहिरातीच्या कलमाची भाषा मात्र रुंद आहे: कुठल्याही माध्यमातून, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, कुणालाही असा खेळ खेळायला प्रवृत्त करणारी जाहिरात करणे, करवणे किंवा तिच्यात सहभागी असणे. कोड टाकून कमिशन घेणारा माणूस या भाषेपासून फार लांब उभा नाही. आपण ‘फक्त लिंक फॉरवर्ड केली’ असे वाटणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावे, कारण आपल्या नावाचा कोड आणि आपल्या खात्यात आलेले पैसे हा माग कुणालाही काढता येतो.

बंदीनंतर उरल्या आहेत त्या परदेशातून चालणाऱ्या साइट आणि रंगांची ॲपे. त्यांना टीव्हीवर, वर्तमानपत्रात जागा नाही, म्हणून त्यांचा सगळा भार ओळखीवर आहे. इथल्या अटी सगळ्यांत वाईट असतात. कुठल्या देशाचा कायदा लागू ते धड लिहिलेले नसते, ‘कंपनीला वाटेल तेव्हा योजना बदलता वा रद्द करता येईल’ हे कलम असतेच, आणि डिपॉझिट दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी यूपीआय खात्यावर मागितले जाते. पहिली लहान रक्कम काढू दिली जाते, कारण वॉलेटचा तो फोटो पुढे फिरायला हवा असतो. मोठी रक्कम काढायची वेळ आली की ‘आधी कर भरा’ किंवा ‘आणखी तीन मित्र आणा’ अशी मागणी येते. पैसे काढायच्या आधी पैसे किंवा माणसे मागितली की तो धंदा बुडवण्यासाठीच उभा आहे, असे समजायला हरकत नाही.

कुठल्याही रेफरलच्या अटी वाचायची वेळ आलीच तर एवढे शोधा: बक्षीस सुटायला मित्राने नोंदणीनंतर आणखी काय करायचे आहे, आणि ते करताना त्याच्या खिशातून किती जाणार आहे. बँकेच्या किंवा किराण्याच्या ॲपवर याचे उत्तर बहुधा ‘काही नाही’ किंवा ‘एक खरेदी’ असे मिळते. ‘शुल्क’, ‘उलाढाल’, ‘सक्रिय खेळाडू’ किंवा ‘निव्वळ कमाई’ यातला कुठलाही शब्द दिसला, तर बक्षिसाचा आकडा मित्राच्या तोट्यावरून ठरणार आहे.

ज्यांच्या खात्यात असे पैसे आधीच आले आहेत, त्यांना एक विनंती आहे. ती रक्कम दर महिन्याला वाढत असेल तर ज्याच्या नावावर ती येते त्याला आजच फोन करा आणि तुम्हाला किती मिळाले ते स्पष्ट सांगा. त्या आकड्यावरून त्याचे किती गेले असतील याचा अंदाज घरातल्या कुणालाही येण्याआधी तुम्हाला आलेला असतो. पैसे अडकले असतील, वेगवेगळ्या यूपीआय खात्यांवर भरले असतील, तर त्याला स्क्रीनशॉट आणि व्यवहारांचे क्रमांक जपून ठेवायला सांगा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवायला त्याच्याबरोबर बसा.